तीनशे साठ भागिले...

उसेन बोल्टची बर्लिनची शंभर मीटरची शर्यत मी मोबाइलवर पुन्हा एकदा पाहत होतो. २००९ सालच्या ऑगस्टमधली, ९.५८ सेकंदांची. शेजारी बसलेल्या भाचीने विचारलं, "मामा, म्हणजे ताशी किती?" तिचं बरोबरच होतं. सेकंद ऐकून पोटात काही हलत नाही. ताशी एवढे किलोमीटर म्हटलं की लगेच डोळ्यांपुढे गाडीचा काटा येतो.

हा हिशोब करायला कागद लागत नाही. शंभर मीटर म्हणजे किलोमीटरचा दहावा भाग आणि तासाचे सेकंद ३६००. त्याचा दहावा भाग ३६०. म्हणून ३६० ला सेकंदांनी भागायचं, की झालं. दहा सेकंदांत धावला तर ताशी ३६. बोल्टचे येतात ३७.५८. काही जण आधी सेकंदाला किती मीटर ते काढतात, १०.४३८ चे १०.४ करून टाकतात आणि मग ३.६ ने गुणतात. उत्तर येतं ३७.४४. वाटेतच काटछाट केली की अशी गळती होते. काटछाट करायचीच तर शेवटी, एकदाच.

"म्हणजे तो ३७ च्या स्पीडने पळत होता," भाची म्हणाली. आणि इथेच मी अडकलो, कारण त्या स्पीडने तो जवळजवळ पळालाच नाही! त्या शर्यतीचे दर वीस मीटरचे वेळ उपलब्ध आहेत : २.८९, १.७५, १.६७, १.६१ आणि १.६६ सेकंद. वीस मीटरसाठी ३६० ऐवजी ७२ ला भागायचं. पहिल्या वीस मीटरांत ताशी जेमतेम २५ निघतात, पुढच्या वीसमध्ये ४१, मग ४३, साठ ते ऐंशीच्या टप्प्यात ४४.७ आणि शेवटी पुन्हा ४३ च्या वर. ३७.५८ हा आकडा त्याने वीस मीटरच्या आसपास, वेग वाढत असताना, सहज ओलांडला आणि पुन्हा कधी त्याच्या खाली आला नाही. सरासरी म्हणजे ज्या घरात कोणी राहत नाही असा पत्ता.

मग मला भलताच उत्साह आला. पाच टप्प्यांचे वेग मिळालेच आहेत तर त्यांची बेरीज करून पाचाने भागू, तोच आकडा येईल, असं मी भाचीला ऐटीत सांगितलं. आले ३९.४५. दोनदा केलं, तेच आलं. जवळजवळ दोन किलोमीटर कुठून उगवले, हे कळेना. भाची माझ्याकडे बघत होती, तेही एक दडपण.

चूक बेरजेत नव्हती. पाचही टप्पे अंतराने सारखे आहेत, पण वेळेने नाहीत. पहिल्या संथ टप्प्यात तो २.८९ सेकंद होता आणि सगळ्यात वेगवान टप्प्यात फक्त १.६१. मी दोघांना सारखाच मान दिला, म्हणजे तो जिथे जास्त वेळ संथ होता त्या जागेचं वजन कमी केलं. साहजिकच उत्तर फुगलं. वेगांची सरासरी काढायच्या भानगडीत पडू नये; सगळं अंतर घ्यावं, सगळा वेळ घ्यावा आणि भागावं.

सगळा वेळ म्हणजे बंदुकीच्या आवाजापासूनचा, हे मात्र लक्षात ठेवावं लागतं. त्या शर्यतीत आवाज झाल्यावर बोल्टची हालचाल सुरू व्हायला ०.१४६ सेकंद लागले. घड्याळ चालू आहे आणि माणूस अजून जागचा हललेला नाही! तेवढा वेळ वजा केला तर ताशी ३८.१६ होतात. मला हा आकडा जास्त खरा वाटतो, कारण त्यात फक्त धावणं आहे. पण शर्यत कानानेही जिंकायची असते, म्हणून नोंदीत ९.५८ च राहतात.

दुसऱ्या दिवशी भाचीने मला मैदानावर नेलं. शंभर मीटरची आखणी होतीच. मी शेवटच्या रेषेवर मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन उभा, आणि तिकडे तिच्या मैत्रिणीने टाळी वाजवली. भाची आली, मी बटण दाबलं. सोळा सेकंद. ताशी २२.५. तिला आनंद झाला. तेवढ्यात मलाच राहवेना. टाळी ऐकून माझा अंगठा खाली जाईपर्यंत थोडा वेळ गेला असणार. शिवाय टाळीचा आवाज शंभर मीटर यायलाच पाव सेकंदाहून जास्त लागतो. शेवटी मात्र मी तिला समोरून येताना पाहत होतो, म्हणून बटण बरोबर वेळेवर दाबलं गेलं. उशीर एकाच टोकाला झाला. खरे १६.४ धरले तर ताशी २२ च्या थोडं खाली.

मी हे तिला सांगितलं. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मग मामा, पुढच्या वेळी तू अजून लांब उभा राहा."