चौरसाचं व्याख्यान, तिसरा मसुदा: उभी पलटी नक्की कोणाची?

गेल्या नोंदीत लिहिलं होतं की पहिल्या वर्षाच्या मुलांसाठीची, गणितातल्या ‘ग्रुप’ या कल्पनेवरच्या व्याख्यानाची संहिता जवळजवळ झाली, आता फक्त वेळ लावून बघायची. ते विधान मागे घेते. रविवारी भाची आणि तिच्या तीन मैत्रिणी जेवणाच्या टेबलाभोवती बसल्या आणि दुसरा मसुदा विसाव्या मिनिटाला आडवा झाला. तो कसा आडवा झाला तेच आज सविस्तर लिहिते, कारण त्यातून व्याख्यानाचा मधला भाग सापडला.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात बेत असा. तासाच्या पहिल्या पस्तीस मिनिटांत ‘ग्रुप’ हा शब्द उच्चारायचा नाही, नियम तर नाहीच. प्रत्येकीच्या हातात पारदर्शक फाइल कव्हरमधून कापलेला दहा सेंटिमीटरचा चौरस द्यायचा. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून घड्याळाच्या दिशेने क, ख, ग, घ अशी अक्षरं. कव्हर पारदर्शकच हवं, कारण पुठ्ठा उलटला की अक्षरं गायब होतात. पहिल्या मसुद्यात मी पाठीमागेही अक्षरं लिहायला सांगितली होती. निम्म्या जणींनी ती चुकीच्या कोपऱ्यात लिहिली.

मग एकच प्रश्न: चौरस उचलून असा परत ठेवा की तो त्याच जागेत चपखल बसेल. किती तऱ्हा आहेत? क चार कोपऱ्यांपैकी कुठेही जाऊ शकतो. तो ठरला की ख त्याच्या शेजारीच हवा, म्हणजे दोन पर्याय. चार दुणे आठ. अक्षरं नुसती कोपऱ्यांत मांडायची तर चोवीस तऱ्हा होतात, पण त्यातल्या सोळांसाठी कव्हर फाडावं लागेल.

आठ हालचालींना नावं देताना मी पुस्तकांतली नेहमीची r आणि s ही अक्षरं टाळली. मराठीत पाव, अर्धी, पाऊण आयतेच आहेत, आणि पाव फेरीनंतर पाऊण फेरी घेतली की गाडी मूळ जागी, हे कोणाला समजवावं लागत नाही. काहीच न करण्याला ‘जैसे थे’. पलट्या चार: उभ्या अक्षाभोवतीची उभी, आडव्या अक्षाभोवतीची आडवी, वरच्या डाव्या कोपऱ्यातून खाली उजवीकडे जाणाऱ्या कर्णाभोवतीची उतरती, आणि दुसऱ्या कर्णाभोवतीची चढती. फेऱ्या सगळ्या घड्याळाच्या दिशेने.

यानंतर आठ बाय आठचा तक्ता. ओळीत आधी केलेली हालचाल, स्तंभात नंतरची, चौकटीत दोन्ही मिळून जे होतं त्याचं नाव. असा तक्ता आर्थर केलीच्या 1854 च्या लेखात आहे, म्हणून त्याचं नाव पडलं. गंमत म्हणजे अमूर्त ग्रुपची नियमांनिशी नीट व्याख्या त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, 1882 मध्ये वॉल्टर फॉन डिककडे दिसते. तक्ते आधी, नियम मागून. आपण वर्गात मात्र नियमांपासून सुरू करतो.

तर रविवारी दोन जोड्यांना तक्ता भरायला दिला. मला हवा असलेला क्षण ठरलेला होता. आधी पाव मग उभी केली की उतरती येते. आधी उभी मग पाव केली की चढती येते. क्रम बदलला की उत्तर बदलतं, हा पहिला धक्का, आणि इथे मी संहितेत चक्क ‘थांबा, पाणी प्या’ असं लिहून ठेवलंय.

एका जोडीला हा धक्का बसला. दुसऱ्या जोडीतून भाची म्हणाली, “मावशी, आमच्याकडे दोन्हीकडून चढतीच येतेय.”

मी आधी तिच्या फेऱ्या तपासल्या, त्या बरोबर होत्या. पलट्याही एकेकट्या बरोबर होत्या. मग लक्षात आलं की तिने सोयीसाठी मार्करने कव्हरवरच उभी रेघ मारली होती आणि ‘उभी’ म्हणजे त्या रेघेभोवती पलटणं असं धरलं होतं. पाव फेरी घेतली की ती रेघ आडवी होते. मी मनात धरलेला अक्ष टेबलावर होता, तिचा चौरसावर. तिची फेरी मात्र भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणेच चालली होती.

मला वाटलं, चुकीचा तक्ता आहे, कुठेतरी तुटेलच. तुटेना. प्रत्येक ओळीत आठही नावं एकेकदा, प्रत्येक स्तंभातही एकेकदा. ‘जैसे थे’ची ओळ आणि स्तंभ जसेच्या तसे. प्रत्येक हालचालीची उलट हालचाल हजर. सुडोकूसारखं तपासलं तर शंभर टक्के पास. दुसऱ्या मसुद्यात मी ‘तक्ता बरोबर आहे का ते ओळी-स्तंभ बघून ठरवा’ असं लिहिलं होतं! ती ओळ आता खोडली आहे.

तुटतो तो तीन हालचालींवर. उभी, पाव, उभी घेऊ. तिच्या तक्त्याप्रमाणे पहिल्या दोन मिळून चढती, आणि चढतीनंतर तिची उभी केली की येते पाव. आता कंस पुढे सरकवा. शेवटच्या दोन, म्हणजे पाव मग उभी, मिळून चढती. उभीनंतर तिची चढती केली की क डावीकडे खाली जातो, म्हणजे पाऊण. त्याच तीन हालचाली, त्याच क्रमाने, आणि कंस कुठे घातला यावर उत्तर पाव की पाऊण हे ठरतं. माझ्या तक्त्यात दोन्हीकडून पाऊणच येते. (करून बघा, वाचून पटणार नाही.)

कंस कुठेही घातला तरी उत्तर तेच, या नियमाला साहचर्य म्हणतात. याआधीच्या दोन्ही मसुद्यांत साहचर्याला मी एक वाक्य दिलं होतं: ‘हे तर उघडच आहे.’ आपण सगळेच तसं करतो. संवृतता तक्त्यात दिसते, अविकारक घटक दिसतो, व्यस्त दिसतो, साहचर्य दिसत नाही, म्हणून हात हलवून पुढे जातो. इथे मात्र बाकी सगळं असलेला आणि साहचर्य नसलेला तक्ता एका अठरा वर्षांच्या मुलीने प्रामाणिकपणे बनवून दिला होता.

रात्री किती ठिकाणी बिघडतं ते मोजलं. k म्हणजे किती पाव फेऱ्या, f म्हणजे पलटी आहे की नाही:

```python
from itertools import product
G = list(product(range(4), range(2)))   # (k, f)

def mul(a, b):
    return ((a[0] + (-1)**a[1] * b[0]) % 4, (a[1] + b[1]) % 2)

def mix(a, b):          # आधी a, मग b
    return mul(b, a) if b[1] == 0 else mul(a, b)

print(sum(mix(mix(a, b), c) != mix(a, mix(b, c))
          for a, b, c in product(G, repeat=3)))
```

उत्तर 96. एकूण त्रिकं 512, म्हणजे पाचातली चार तरी सुखरूप. पहिली हालचाल फेरी असेल तर कधीच बिघडत नाही. सगळी 96 त्रिकं पलटीने सुरू होतात. म्हणून सहज म्हणून एकदोन त्रिकं तपासणाऱ्याला बहुधा काही सापडणार नाही. माझं सुदैव की मी उभीपासून सुरुवात केली.

असं का होतं, हे मुलींना सांगताना वर्गातली बाकं कामाला आली. ‘पहिल्या आणि दुसऱ्या बाकावरच्यांनी जागा बदला’ ही सूचना जागांबद्दल आहे. ‘क आणि ख यांनी जागा बदला’ ही माणसांबद्दल. सगळ्या सूचना जागांच्या भाषेत दिल्या तर प्रत्येक सूचना स्वतंत्र, ठाम नियम असते. आधी काय घडलं याच्याशी तिला देणंघेणं नसतं, आणि नियमांमागे नियम लावताना कंस कुठेही घातला तरी फरक पडत नाही. साहचर्य फुकट मिळतं ते इथे. सगळ्या सूचना माणसांच्या भाषेत दिल्या तरी चालतं. रेघ चौरसावरची आणि फेरीही चौरसाच्या पुढच्या बाजूने बघून घेतली, तर तोही ग्रुपच मिळतो. फक्त तक्ता ओळी-स्तंभ अदलाबदल झालेला येतो, आणि पाव मग उभीचं उत्तर उभी मग पावच्या चौकटीत सापडतं. भाचीने फेरी जागांच्या भाषेत आणि पलटी माणसांच्या भाषेत केली. तिची ‘उभी’ टेबलावरून बघितली तर कधी उभी होती, कधी आडवी. एकाच नावाखाली दोन हालचाली.

आणखी एक कबुली. मी पहिल्यांदा सराव आयतावर केला होता, चारच हालचाली, सोपं. तिथे ही गल्लत दिसूच शकत नाही. आयताची फेरी अर्धीच असते आणि अर्ध्या फेरीने उभी रेघ उभीच राहते. आयतावर दोन्ही तक्ते तंतोतंत एक येतात. सुरुवातीच्या सरावासाठी आयत ठेवला होता, तो काढून टाकला. समभुज त्रिकोण चालला असता, पण तिथे उभी-आडवी-चढती अशी नावं जमत नाहीत आणि मला ती सोडवत नाहीत.

तिसऱ्या मसुद्यातले बदल असे. टेबलावर चिकटवायला एक कागद, त्यावर चार रेघा आणि फेरीचा बाण. चौरसावर अक्षरांशिवाय काहीही लिहायला बंदी. तक्ता सुरू करण्याआधी दोन झटपट कसोट्या. पाव मग उभी करा: क घरी, म्हणजे वर डावीकडे, आला का? उभी मग पाव करा: क समोरच्या कोपऱ्यात, खाली उजवीकडे, गेला का? दोन्हींना हो असेल तर पुढे चला. आधी ‘नाही’ आणि मग ‘नाही’ आलं तर सगळं चौरसाच्या भाषेत चाललंय. आधी ‘नाही’ आणि मग ‘हो’ आलं तर भाचीची गल्लत.

आणि मधली बारा मिनिटं आता भाचीच्या तक्त्याची. दोन्ही तक्ते फळ्यावर शेजारी शेजारी, कोणता बिघडलेला हे न सांगता. वर्गाने ओळी तपासायच्या, स्तंभ तपासायचे, आणि काही सापडलं नाही की मग मी उभी, पाव, उभी लिहायचं. नियमांचा फळा यानंतर. यासाठी उपग्रुपचा शेवटचा भाग पूर्ण कापावा लागला, आणि तो मला फार आवडायचा.

वेळेचं गणित अजून बसलेलं नाही. चौसष्ट चौकटी भरायला जोडीला अठरा मिनिटं लागली. फेऱ्या-फेऱ्यांच्या सोळा चौकटी आधीच भरून द्यायच्या असं ठरवलंय, त्यात शिकण्यासारखं तसंही कमी. भाचीचा आग्रह आहे की तिच्या तक्त्याला फळ्यावर तिचं नाव द्यावं. मी ‘बिघडलेला’ हे नाव सुचवलं, ते तिला मान्य नाही.