दोन बिलांवर कापलेला टीडीएस

ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकच्या एक यूआय डिझायनर जीएसटी परताव्याची नोटीस घेऊन माझ्या कर सल्ल्याच्या ऑफिसात आल्या. २०२४-२५ या वर्षासाठी त्यांनी स्वतःच पोर्टलवर आरएफडी-०१ हा अर्ज भरून खरेदीवर दिलेल्या जीएसटीचा, म्हणजे क्रेडिटचा, ७०,२०० रुपयांचा परतावा मागितला होता. अधिकाऱ्याने आरएफडी-०८ ही नोटीस काढून विचारलं होतं, "निर्यातीची रक्कम परकीय चलनात मिळाल्याचा पुरावा द्यावा, अन्यथा अर्ज का फेटाळू नये?" उत्तराला १५ दिवस, त्यातले सहा उलटलेले.

"सर, माझं सगळं काम एकाच अमेरिकन कंपनीसाठी आहे. कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र, एलयूटी, एप्रिलमध्येच भरलं होतं. मग अडचण कसली?"

अडचण पासबुकात होती. वर्षाची १२ बिलं, सोयीसाठी प्रत्येक बिल ३ लाखांचं धरू, आणि बाराही रकमा खात्यात रुपयांतच जमा झालेल्या. एनईएफटी, एका भारतीय बँकेचं नाव, पुढे रुपयांतला आकडा. अधिकाऱ्याला त्यात डॉलर कुठे दिसणार?

यातली दहा बिलं एका पेमेंट कंपनीमार्फत आली होती. अशा कंपन्या ग्राहकाकडून डॉलर घेतात, ते अधिकृत बँकेमार्फत भारतात येतात आणि रुपयांत बदलून आपल्या खात्यात पडतात. पैसा सीमा ओलांडताना डॉलरच असतो, त्यामुळे आयजीएसटी कायद्याच्या कलम २(६) मधली परकीय चलनाची अट पूर्ण होते. मात्र पासबुक हा त्याचा पुरावा नाही. पुरावा म्हणजे एफआयआरए, बँकेने दिलेली परकीय रक्कम आल्याची सूचना. तिच्यात पाठवणाऱ्याचं नाव, मूळ चलनातली रक्कम, रुपयांतली रक्कम आणि पैसा कशासाठी आला ते सांगणारा पर्पज कोड असतो. नियम ८९(२) नुसार सेवा निर्यातीच्या परताव्यासोबत परकीय रक्कम आल्याचा बँकेचा पुरावा द्यावाच लागतो. पेमेंट कंपनीच्या पोर्टलवर दहाही सूचना पडून होत्या, बाईंनी कधी उतरवूनच घेतल्या नव्हत्या. नऊवर `P0802` म्हणजे सॉफ्टवेअर सल्ला असा कोड होता. एकावर `P1301`, म्हणजे कुटुंबखर्चासाठी आलेली रक्कम! हा कोड तसाच ठेवून फाइल पाठवली की त्या बिलाचा पैसा सेवेचा मोबदला नाही, असं म्हणायला जागा राहते. बिल आणि करार जोडून बँकेकडून दुरुस्ती मागितली, चार दिवसांत पत्र मिळालं.

राहिली जूनची आणि डिसेंबरची बिलं. पेमेंट कंपनीकडे त्यांची नोंदच नव्हती. पासबुकात दोन्ही वेळा बरोबर २,७०,००० जमा. तीन लाखांतून नेमके दहा टक्के गेलेले पाहून मी २६एएस, म्हणजे प्राप्तिकर खात्याकडचं कापलेल्या कराचं विवरण, उघडायला सांगितलं. तिथे कलम १९४जे खाली ३०-३० हजारांचा टीडीएस होता, आणि कापणारी होती अमेरिकन कंपनीची बेंगळुरूची उपकंपनी.

"कंपनीवाले म्हणाले होते, आमचं डॉलरचं पेमेंट अडकलंय, इंडिया टीमकडून करून देतो. मला काय, पैसे मिळाल्याशी मतलब."

हे फार वेळा घडतं. परदेशी कंपनी भारतातल्या प्राप्तिकर कायद्याखाली असा टीडीएस सहसा कापत नाही. त्यामुळे 'निर्याती'च्या बिलावर टीडीएस दिसला की पैसा देशातल्या देशात फिरला, असं समजावं. करार अमेरिकन कंपनीशी, काम तिच्यासाठी, म्हणून सेवा घेणारी तीच आणि पुरवठ्याचं ठिकाण भारताबाहेरच. पण पैसा परकीय चलनात आला नाही. रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या मार्गाने रुपये आले तरी चालतात, जसं परदेशी बँकेचं भारतीय बँकेतलं रुपयांचं विशेष व्होस्ट्रो खातं. उपकंपनीच्या साध्या चालू खात्यातून आलेले रुपये त्यात बसत नाहीत. कलम २(६) मधल्या पाच अटींतली एक मोडली की ती निर्यात राहत नाही, आणि १८ टक्के आयजीएसटी लागतो.

इथे तारखा पाहाव्या लागतात. एलयूटीवर निर्यात केली तर नियम ९६ए प्रमाणे बिलाच्या तारखेपासून एक वर्षात परकीय चलन यावं लागतं. न आल्यास पुढच्या १५ दिवसांत व्याजासह कर भरायचा. जून २०२४ च्या बिलाची मुदत जून २०२५ लाच संपली होती. डिसेंबरच्या बिलाला अजून दोन महिने होते.

म्हणून दोन बिलांना दोन वाटा. जूनच्या बिलावर ५४,००० रुपये कर आणि सुमारे १२ हजार व्याज डीआरसी-०३ या स्वतःहून कर भरायच्या फॉर्मने रोखीने भरलं, कारण परताव्याचा अर्ज करतानाच क्रेडिट लेजरमधून रक्कम वजा झालेली असते. बाईंचा चेहरा उतरला, पण पुढे कर मागणीची नोटीस आल्यावर दंडासकट भरण्यापेक्षा हे बरं. डिसेंबरच्या बिलाचे २,७०,००० त्यांनी उपकंपनीला परत पाठवले, उपकंपनीने आपलं टीडीएस विवरण सुधारलं आणि अमेरिकेतून मूळ कंपनीने डॉलर धाडले. उपकंपनीच्या हिशेबनिसाला हे समजावायला तीन फोन लागले. एफआयआरए नोव्हेंबरमध्ये आली, मुदतीच्या आत.

आता मागणीचा आकडा. बाईंनी पूर्ण क्रेडिट मागितलं होतं: को-वर्किंगच्या भाड्यावर ३२,४००, इंटरनेट व सॉफ्टवेअरवर १०,८०० आणि लॅपटॉपवर २७,०००. नियम ८९(४) च्या सूत्रात भांडवली वस्तूंचं क्रेडिट धरत नाहीत, म्हणून लॅपटॉप बाहेर, उरले ४३,२००. शिवाय सेवांच्या बाबतीत या सूत्रात 'निर्यातीची उलाढाल' म्हणजे त्या काळात हाती आलेली रक्कम, काढलेली बिलं नव्हेत. ती ३० लाख. छेदात एकूण उलाढाल, म्हणजे तीच ३० लाख आणि कर लागलेलं जूनचं बिल ३ लाख. डिसेंबरचं बिल पुढच्या वर्षाच्या अर्जात जाईल, कारण त्याचं चलन आता आलं.

४३,२०० × ३० ÷ ३३ = ३९,२७३.

नोटिशीच्या उत्तरात, आरएफडी-०९ मध्ये, हेच लिहिलं. सोबत एक साधा तक्ता जोडला: बिल क्रमांक, तारीख, डॉलर, एफआयआरए क्रमांक, रुपये. सुनावणीत अधिकाऱ्याने तक्त्यावरून बोट फिरवत तीन बिलं तपासली आणि जूनच्या ओळीवर थांबून विचारलं, "याचा कर भरला?" कर भरल्याचं चलान पुढे केलं. आरएफडी-०६ या आदेशात ३९,२७३ मंजूर झाले.

नामंजूर ३०,९२७ अपील न करण्याची हमी दिल्यावर लेजरमध्ये परत आले. लॅपटॉपचे २७,००० यातच आहेत आणि तेही मोकळे करता येतात. पुढचं एक बिल एलयूटीवर न काढता १८ टक्के आयजीएसटी लावून काढायचं, कर आधी याच क्रेडिटमधून आणि उरलेला रोखीने भरायचा, मग डॉलर आल्यावर भरलेल्या पूर्ण आयजीएसटीचा परतावा मागायचा. त्या मार्गात भांडवली वस्तूंची आडकाठी नाही. जानेवारीचं बिल तसंच काढायचं ठरलं, आणि त्यावर बाईंनी स्वतःहून एक ओळ घातली: रक्कम फक्त अमेरिकेतील खात्यातून, डॉलरमध्येच द्यावी.