उन्हाळा आणि बाबांची रक्तदाबाची गोळी

आज सकाळी अकोल्यात, खाटेवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन बाबा भिंतीला टेकले, तेव्हा आम्हाला आधी ऊन लागल्याचीच शंका आली. डॉक्टरांनी मात्र बसवून रक्तदाब मोजला तो १०८/६८ भरला, आणि उभे करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजला तर ८४/५६. हिवाळ्यात याच गोळीवर तो १३०/८० असे. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरणे, हीच खूण त्यांनी महत्त्वाची मानली.

बाबांच्या गोळीत टेल्मिसार्टनसोबत हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर टाकणारे औषध आहे. उन्हाळ्यात त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, घामातून मीठ आणि पाणी जाते, त्यात ही गोळी आणखी पाणी काढते. आणि अशा वेळी रक्तवाहिन्या आवळून दाब सावरण्याची शरीराची जी सोय असते, तीच टेल्मिसार्टन रोखून धरते. बाबांच्या बनियनवरचे मिठाचे पांढरे डाग मी रोज धूत होते, पण त्यांचा अर्थ मला लागला नव्हता.

डॉक्टरांनी रक्तातील सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासायला सांगितले, जोडगोळी थांबवून नुसते टेल्मिसार्टन ठेवले, आणि आठवडाभर बसून व उभे राहून मोजलेले आकडे वहीत लिहायला सांगितले. “काका, मनाने गोळी बंद करू नका, पावसाळा लागला की दाब पुन्हा चढू शकतो, तेव्हा वही घेऊन या,” असे ते म्हणाले.