चार चौके आणि फळ्यावरचे दहा

सुवर्णमहोत्सवाचं पत्र आलं त्या रात्री मी माळ्यावरची ट्रंक काढली. सातवीची गणिताची रफ वही अजून तिच्यात आहे. मागच्या पानावर पेन्सिलीने चारांच्या ओळीच्या ओळी लिहिलेल्या आहेत आणि एका ओळीपुढे बाईंच्या लाल शाईतला कंस आहे. बाईंचं नाव मी लिहीत नाही. आपल्या शाळेत गणिताच्या बाई म्हटलं की दुसऱ्या कुणाचा चेहरा येतच नाही.

पावसामुळे पीटीचा तास बुडाला होता. बाई आत आल्या, खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्ठे चार चौके काढले. अट एवढीच की चारच चौके वापरायचे, एक कमी नाही, एक जास्त नाही. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार चालतील आणि कंस हवे तेवढे. यातून एकपासून दहापर्यंत सगळे आकडे बनवायचे.

पहिले काही पटापट आले. ४÷४+४÷४ म्हणजे दोन. तिघांची बेरीज करून चौथ्याने भागलं की तीन. (४×४+४)÷४ म्हणजे पाच. चार मात्र उगाच अडला, कारण एक चौका वापरला की उरलेल्या तिघांचं करायचं काय? मागच्या बाकावरच्या एकाने ४÷(४−४)+४ लिहिलं. त्याला वाटलं, शून्याने भागलं की शून्य येतं. बाईंनी त्याला विचारलं, "चार लाडू शून्य मुलांत वाटून दाखव." मग त्यानेच भागाकार खोडून गुणाकार केला, ४×(४−४)+४, आणि चार मिळाला.

सहासाठी मी उठले. फळ्यावर लिहिलं, ४+४÷४+४. माझा हिशेब डावीकडून सुरू झाला होता. चार आणि चार आठ, भागिले चार दोन, अधिक चार सहा. बाई म्हणाल्या, "अगं, हे तर नऊ आहे." मला पटेना. मग त्यांनी सगळ्या वर्गाकडून 'कंचेभागुबेव' म्हणवून घेतलं. आधी भागाकार, म्हणजे मधले ४÷४ एक, आणि मग ४+१+४, नऊ. माझी ओळ त्यांनी पुसली नाही. तीच ओळ खाली आणखी तीनदा लिहिली, खडू माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आता कंस घाल." (४+४)÷४+४ केल्यावर माझे सहा आले. (४+४)÷(४+४) केल्यावर एक. आणि ४+४÷(४+४) केल्यावर साडेचार, जे कुणी मागितलेच नव्हते. चौके तेच, चिन्हं तीच, क्रमही तोच, आणि उत्तरं चार. वहीतला लाल कंस त्याच ओळीवरचा आहे.

सात आणि आठ जोडीने आले. ४+४ मधून ४÷४ वजा केला की सात. तिघांची बेरीज करून चौथा वजा केला की आठ. नऊ माझ्या चुकीतून आधीच फळ्यावर होता. उरला दहा.

दहावर मधली सुट्टी गेली तरी कुणी उठलं नाही. कुणी तीन चौके वापरून जवळ यायचं, कुणी पाच वापरून बरोब्बर. शेवटी बाईंनी विचारलं, "येतच नसेल तर? येत नाही हे कसं कळणार?" गणितात असा प्रश्न असू शकतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

त्यांनी फळ्याचा कोपरा पुसला. दोन चौक्यांत काय काय होतं? ८, ०, १६ आणि १. बस्स. मग यातल्या प्रत्येकाला तिसरा चौका चिकटवायचा, चारही क्रियांनी आणि दोन्ही बाजूंनी. ती यादी आम्ही वर्गाने मिळून केली. ०, २, ३, ४, ५, १२, २०, ३२, ६४, एक अर्धा, एक पाव आणि ऋण संख्या −३, −४, −१२. आता चौथा चौका शेवटी येऊन दहा व्हायचा असेल, तर तीन चौक्यांनी आधी काय द्यायला हवं? बेरजेसाठी ६, वजाबाकीसाठी १४ किंवा −६, गुणाकारासाठी अडीच, भागाकारासाठी ४० किंवा दोन पंचमांश. यादीत शोधलं. एकही नाही. उरली दोन-दोनची जोडी. ८, ०, १६, १ यांतले दोन घेऊन (तोच आकडा दोनदाही चालतो) ८+१ नऊ होतो आणि त्याच्या पुढचा थेट १६−१, म्हणजे पंधरा. मधे काहीच नाही. दहा त्या खड्ड्यात पडला होता.

मग बाईंनी अट थोडी सैल केली. दोन चौके शेजारी लिहून चव्वेचाळीस करा. (४४−४)÷४. वर्गात आरडाओरडा झाला. शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. मला मात्र तो दहा थोडा फुकटातला वाटला. आधीचं 'येत नाही' जास्त आवडलं होतं, अजूनही आवडतं.

आज मी एका कारखान्यात उत्पादन नियोजनाचं काम पाहते. एक्सेलमध्ये दोन पाळ्यांची सरासरी काढताना नवीन आलेली मुलं =B2+C2/2 लिहितात, आणि पत्रकात पहिली पाळी पूर्ण आणि दुसरी अर्धी मिळवलेला आकडा येतो. तो इतका खराखुरा दिसतो की कुणाला संशय येत नाही. मी त्यांना =(B2+C2)/2 नुसतं सांगत नाही. कागदावर चार चौके लिहून देते आणि म्हणते, यातून आधी नऊ काढा, मग सहा.

जुनी इमारत पाडली, तो लांब काळा फळाही गेला असं ऐकलं. नव्या वर्गातल्या पांढऱ्या फळ्यांवर चुकलेली ओळ एका बोटाने नाहीशी होते म्हणे. माझी ओळ बाईंनी तास संपेपर्यंत राहू दिली होती. नव्या वर्गांत अशा ओळींना थोडी जागा ठेवा, एवढं मला शाळेला मनापासून सांगायचं आहे.

मागच्या रविवारी माझ्या मुलीला हे कोडं घातलं. ती नववीत आहे, तिला वर्गमूळ येतं. ४+४+४−√४ लिहून तिने दहा काढला. चालतं, कारण वर्गमूळाच्या चिन्हात वेगळा आकडा लिहावा लागत नाही. वर्ग केला असता तर वर छोटा २ आला असता आणि तो बाद. मग तिने अजून एक काढला, ४÷०.४+४−४. चार भागिले दशांश चार म्हणजे दहा, बाकीचे दोघे एकमेकांना खाऊन टाकतात. मी म्हटलं, बाई विचारतील की हे शून्य कुठून आलं. ती थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिली, शून्य खोडलं आणि नुसतं .४ ठेवलं.

महोत्सवाला बाई येणार आहेत असं पत्रात आहे. रफ वही आणि तो खोडलेला कागद दोन्ही घेऊन येते आहे.