मालमोजणीच्या मेलमधले सात मुद्दे

३१ मार्चची मालमोजणी चालू होती. चाकणचा कारखाना, सकाळचे अकरा. बेअरिंगच्या रॅकवर पुस्तकी शिल्लक १२०० नग होती आणि प्रत्यक्षात भरले १७००. मोजणाऱ्यांनी पुन्हा मोजलं, तरी १७००च. फरक असा गोल आकड्यात आला की मोजणीतली चूक शोधण्याआधी गेटचं रजिस्टर आणि चलनं काढावीत, कारण बहुतेकदा तो एखाद्या चलनावरच्या नगांइतकाच असतो. इथेही तसंच निघालं. आदल्या संध्याकाळी साडेपाचला गाडी आली होती, ५०० नग उतरले, रॅकवर लागले आणि जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची सिस्टिममधली नोंद, मात्र झालेला नव्हता. माल मोजणीत आला, पुस्तकात आला नाही.

आवक ५ वाजता बंद करायची असं मीटिंगमध्ये ठरलं होतं, मेलही सगळ्यांना गेला होता. मी अकाउंट्समध्ये असल्यामुळे फरकाचा खुलासा लिहिण्यासाठी तो मेल पुन्हा उघडला. त्यातले मुद्दे असे होते:

- ३० तारखेला संध्याकाळी ५ नंतर आवक बंद
- खरेदी विभागाने पुरवठादारांना कळवणे
- शेवटच्या जीआरएनचा आणि चलनाचा नंबर लिहून घेतला जाईल
- स्क्रॅप वेगळा काढा
- मोजणीचे टॅग छापले
- जॉबवर्कला गेलेल्या मालाचे काय?
- ऑडिटर ९ वाजता येणार, त्यांना शॉप फ्लोअरचे पास हवेत

मराठीत क्रियापद ओळीच्या शेवटी येतं, त्यामुळे अशी यादी तपासायला फक्त शेवटचे शब्द वरून खाली वाचावेत: बंद, कळवणे, जाईल, काढा, छापले, काय, हवेत. पहिल्या ओळीला क्रियापदच नाही. पुढे -णे, मग कर्मणी भविष्यकाळ, मग आज्ञा, मग झालेलं काम, मग प्रश्न आणि शेवटी नुसती गरज. वाचणाऱ्याला प्रत्येक ओळीवर नव्याने ठरवावं लागतं की हे मी करायचं आहे, कोणी केलं आहे, की फक्त कळवलं आहे.

आणि तो ठरवतो ते आपापल्या टेबलावरून. 'आवक बंद' हे स्टोअरने सिस्टिममधली एन्ट्री बंद असं वाचलं, म्हणून माल घेतला पण जीआरएन केला नाही. सिक्युरिटीने ती माहिती समजली: स्टोअर आत काय ते बघेल. खरेदी विभागाला वाटलं, पुरवठादाराने ५ नंतर माल रवाना करू नये. तिघांचंही वाचन त्या ओळीत बसतं. क्रियापद आणि करणारा दोन्ही असते तर त्यातली दोन वाचनं उरली नसती.

मोजणीनंतर हीच यादी, तारखा तशाच ठेवून, पुढच्या वेळेसाठी नव्याने लिहिली. नव्याने लिहिताना पहिला प्रश्न असतो तो रूप कोणतं घ्यायचं हा. 'करा' एका माणसाला पाठवलेल्या मेलमध्ये उत्तम चालतं. सहा विभागांच्या मेलमध्ये ते प्रत्येकाला शेजाऱ्यासाठी वाटतं. 'करणे' लिहायला सोपं, लिंग-वचनाची कटकट नाही, पण करणारा सहज गळतो आणि ओळ कामाच्या शीर्षकासारखी दिसते. 'करण्यात यावे' मध्ये तर करणारा गाळायची सोयच आहे. म्हणून मी 'अमुकने तमुक करावे' हे रूप घेतो. त्यात 'ने'ची जागा सुरुवातीलाच ठरलेली असते, त्यामुळे नाव राहिलं तर लगेच दिसतं. शेवट कर्माप्रमाणे बदलतो, कळवावा, हलवावा, द्यावेत, पण रूप एकच असतं आणि वाचणाऱ्याला ते खटकत नाही.

क्रमही एकच ठेवायचा: कोणी, कधीपर्यंत, काय, क्रियापद. तारीख एका ओळीत सुरुवातीला आणि दुसऱ्या ओळीत शेवटी असली की घाईत वाचणारा ती चुकवतो.

त्याआधी यादीतून जे काम नाही ते बाहेर काढायचं. 'टॅग छापले' हे झालेलं काम आहे आणि 'ऑडिटर ९ वाजता येणार' ही माहिती. दोन्ही मेलमध्ये यादीच्या वरच्या परिच्छेदात गेली. साचा जुळावा म्हणून 'ऑडिटरने ९ वाजता यावे' असं लिहिणं चूकच, कारण त्यांना या मेलमधून कोणी काम देत नाही. जॉबवर्कचा, म्हणजे कामासाठी बाहेरच्या कारखान्यात गेलेल्या मालाचा प्रश्न मात्र खरा होता, त्याचं उत्तर मीटिंगमध्ये ठरायला हवं होतं. ते विचारून घेतल्यावरच त्याची ओळ झाली. प्रश्न साच्यात बसवता येत नाही तेव्हा बहुधा निर्णयच झालेला नसतो. जीआरएन आणि चलन 'आणि'ने जोडलेले होते, पण जीआरएन स्टोअर करतं आणि चलन डिस्पॅच, म्हणून त्यांच्या दोन ओळी केल्या.

1. सिक्युरिटीने ३० मार्चला संध्याकाळी ५ नंतर आलेली मालाची गाडी गेटबाहेर थांबवावी.
2. खरेदी विभागाने २७ मार्चपर्यंत पुरवठादारांना ही वेळ मेलने कळवावी.
3. स्टोअरने ३० मार्चला संध्याकाळी ६ वाजता शेवटच्या जीआरएनचा नंबर अकाउंट्सला कळवावा.
4. डिस्पॅचने ३० मार्चला संध्याकाळी ६ वाजता शेवटच्या चलनाचा नंबर अकाउंट्सला कळवावा.
5. प्रॉडक्शनने ३० मार्चला संध्याकाळी ५ पर्यंत लाइनवरचा स्क्रॅप यार्डात हलवावा.
6. खरेदी विभागाने ३ एप्रिलपर्यंत प्रत्येक जॉबवर्करकडून ३१ मार्चच्या शिल्लकीचे सहीचे पत्र मिळवावे.
7. एचआरने ३० मार्चला दुपारी ३ पर्यंत ऑडिटरांचे पास स्टोअरला द्यावेत.

सहाव्या ओळीत आधी 'मागवावे' होतं. पत्र मागणारा मेल गेला की ते काम संपतं, पत्र येवो न येवो. 'मिळवावे' म्हटलं की पत्र हातात येईपर्यंत ओळ उघडी राहते. 'पाहावे', 'लक्ष ठेवावे', 'फॉलोअप घ्यावा' ही क्रियापदं साच्यात अगदी बरोबर बसतात, पण ती कधी पूर्ण झाली हे सांगता येत नाही. साचा सारखा झाला म्हणून ओळ नेमकी झाली असं होत नाही. तिसऱ्या ओळीत 'ने' आणि 'ला' उलटसुलट झाले तर नंबर कळवणारा आणि घेणारा बदलतो, म्हणून पाठवण्याआधी तेवढे दोन प्रत्यय मी वेगळे वाचतो.

बुलेटऐवजी आकडे दिले, कारण फोनवरून उत्तर देणारा 'क्र. ४ झाले' एवढंच लिहितो आणि ते पुरतं. एखाद्या ओळीला अट लागत असेल, समजा 'अत्यावश्यक माल असेल तर', तर ती ओळीत घालू नये. सातपैकी एकाच ओळीत 'जर-तर' आला की साचा मोडतो आणि सूट कोण देणार हेही संदिग्ध राहतं. आम्ही यादीखाली वेगळं वाक्य लिहिलं: अत्यावश्यक गाडी आत घ्यायची असल्यास प्लँट हेडने लेखी परवानगी द्यावी आणि स्टोअरने तो माल 'मोजू नये' असा टॅग लावून बाजूला ठेवावा.

सप्टेंबरच्या सहामाही मोजणीला तारखा बदलून हीच यादी वापरली. गेटवरच्या गार्डकडे कंपनीचा मेल नसतो. स्टोअरच्या माणसाने पहिली ओळ मोठ्या अक्षरात छापून केबिनच्या काचेला लावली. कोणी, कधी आणि काय ही तिन्ही उत्तरं तिच्यातच होती, त्यामुळे यादीतून सुटी काढताना एक शब्दही बदलावा लागला नाही.