गच्चीवरून काढलेल्या गिरगावचं खेळणं केलं

मावशीची चाळ पुनर्विकासात गेली आणि तिथे टॉवर उभा राहिला. त्याच्या गच्चीवरून खाली पाहिलं की उरलेल्या चाळींची कौलं, त्यांवरच्या निळ्या ताडपत्र्या, रस्त्यावरच्या लाल बेस्ट बस, काळ्यापिवळ्या टॅक्सी आणि पलीकडे चर्नी रोडचे रूळ असं सगळं एकाच चौकटीत येतं. हे दृश्य शोकेसमधल्या मॉडेलसारखं दिसावं अशी माझी बरीच दिवसांची इच्छा होती. असा परिणाम थेट कॅमेऱ्यात देणारी खरी टिल्ट-शिफ्ट लेन्स फार महाग पडते, त्यामुळे तो विचार सोडून दिला आणि गिंप या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्येच बसलो. गिंप फुकट आहे, मावशीच्या जुन्या लॅपटॉपवरही चालतं.

ही फसवणूक मुळात चालते कशी, ते आधी सांगतो. हातभर लांबीच्या मॉडेलचा फोटो जवळून काढला की त्यातला थोडासाच पट्टा फोकसमध्ये येतो. पुढचं-मागचं सगळं धूसर होतं. शंभर मीटरवरच्या रस्त्याचा फोटो काढताना तसं होत नाही, सगळंच स्पष्ट येतं. म्हणून मोठ्या शहराच्या फोटोत ती धूसरता दिसली की डोळे समजतात, हे छोटं आहे आणि जवळून टिपलंय. खेळण्याकडे आपण वरूनच बघतो, त्यामुळे कॅमेराही चांगला खाली झुकलेला हवा. माझ्या फोटोंपैकी ज्यांत क्षितिज आणि समुद्र येत होता ते सगळे मी बाजूला काढले. आकाश दिसलं की खेळणं संपलं.

पाऊस ओसरल्यावरची, ऑक्टोबरमधली सकाळ निवडली होती. हवा धुतलेली असते आणि सावल्या ठळक पडतात, दिव्याखाली ठेवलेल्या वस्तूसारख्या. तरीही रुळांच्या बाजूला थोडा पांढुरका धुरकटपणा होताच. तो आधी काढावा लागतो, कारण टेबलावरच्या शहरात मधे हवेचा थर नसतो. `Colors → Levels` मध्ये काळ्या टोकाचा त्रिकोण हिस्टोग्राम सुरू होतो तिथपर्यंत सरकवला, एवढ्याने पुरेसं झालं.

मग नेहमीची कृती. लेयरची प्रत काढायची, प्रतीवर `Gaussian Blur` द्यायचा, तिला मास्क जोडायचा आणि मास्कवर `Bi-linear` ग्रेडियंट ओढायचा: मधे काळा, वर-खाली पांढरा. काळ्या भागात खालचा स्पष्ट फोटो दिसतो, पांढऱ्यात धूसर. माझा फोटो 6000 पिक्सेल रुंद होता, त्याला 40 पिक्सेलचा ब्लर चांगला बसला. हा आकडा फोटोच्या रुंदीवर अवलंबून असतो. तोच फोटो 1500 पिक्सेलचा असता तर 10 पुरला असता. स्पष्ट पट्टा मी बस थांब्याच्या ओळीवर ठेवला, चौकटीच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढा. ग्रेडियंट मधोमधपासूनच फिकट होऊ लागतो, म्हणून मास्कवर `Curves` लावून गडद टोक आणखी खाली दाबलं. तेव्हा कुठे पट्टा खऱ्या अर्थाने स्पष्ट राहिला.

तरी काहीतरी खटकत होतं. पट्टा संपतो तिथे बसच्या कडा स्पष्टही दिसत होत्या आणि त्यांच्याभोवती धुकट चमकही होती, जणू लेन्सवर वाफ बसलीय. कारण साधं आहे: अर्धा मास्क म्हणजे अर्धा ब्लर नव्हे. तिथे स्पष्ट चित्र आणि पूर्ण धूसर चित्र एकमेकांत मिसळलेलं असतं. म्हणून मूळ फोटोच्या दोन प्रती केल्या, एकीवर 12 पिक्सेलचा ब्लर आणि तिच्या वर 40 चा. खालच्या प्रतीचा ग्रेडियंट पट्ट्याच्या कडेलाच सुरू केला, वरच्या प्रतीचा पट्ट्यापासून आणखी दूर. आता धूसरता टप्प्याटप्प्याने वाढते आणि ती चमक जवळजवळ जाते.

खरी गंमत पुढे आली. मावसभावाने स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, "अरे, त्या टॉवरचं डोकं का पुसलंस?" पट्ट्यातल्या रस्त्यालगत एक नवा टॉवर उभा होता. पाया स्पष्ट, पण वरचे मजले ग्रेडियंटच्या पांढऱ्या भागात गेलेले, त्यामुळे वितळल्यासारखे. पण तो अख्खा टॉवर कॅमेऱ्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर आहे! मॉडेलमध्ये तो वरपासून खालपर्यंत स्पष्टच दिसला असता.

सपाट जमीन चौकटीत जसजशी वर जाते तसतशी ती दूर जाते, आणि धूसरता चौकटीत स्पष्ट पट्ट्यापासून वर-खाली किती लांब गेलो त्याच्या सरळ प्रमाणात वाढते. हे भूमितीतूनही निघतं. म्हणूनच रस्ता आणि कौलं यांच्यावर साधा ग्रेडियंट इतका पटतो. उभ्या वस्तूला तो नियम लागू होत नाही. मजा म्हणजे खऱ्या टिल्ट लेन्सनेही फोकसचं प्रतल असं तिरकं पाडलं की उंच इमारतींचे माथे असेच पुसले जातात. इथे हाताने काम करणारा लेन्सवर मात करू शकतो.

मग `Paths` टूलने टॉवरची बाह्यरेषा काढली, तिचं सिलेक्शन केलं आणि दोन्ही मास्कवर तेवढा भाग काळ्याने भरला. टॉवर स्पष्ट झाला, पण भोवती त्याच्याच रंगाची पिवळसर आभा उरली. धूसर प्रतीत टॉवरही होता ना. ब्लर देताना त्याचा रंग शेजारी पसरला होता. उपाय असा की ब्लर देण्याआधी त्या प्रतींतून टॉवर क्लोन टूलने पुसून टाकायचा, त्याच्या जागी शेजारची कौलं ओढायची. काम ओबडधोबड झालं तरी चालतं, कारण ते पुढे धूसर होणार असतं आणि टॉवरखाली झाकलंही जाणार असतं. सगळ्यात जास्त वेळ यातच गेला. फोटोत असे दहा टॉवर असतील तर दुसरी चौकट शोधावी, असं माझं मत.

रंग शेवटी, कारण ब्लरमुळे शेजारचे रंग एकमेकांत मिसळून फिके पडतात. मॉडेलला ऑइलपेंटचा रंग असतो, म्हणून सॅच्युरेशन भरपूर लागतं, पण सरसकट नाही. `Hue-Saturation` मध्ये लाल आणि पिवळा 35-40 ने वाढवला, हिरवा त्याच्या निम्मा आणि निळ्याला हातच लावला नाही. गिरगावात निळा म्हणजे ताडपत्री. ती वाढवली की नजर दुसरीकडे जातच नाही. लालची मर्यादा बसवरून कळते. बसच्या खिडक्यांमधली पट्टी आणि बाजूची सावली दिसेनाशी होऊन नुसता लाल ठोकळा उरला, की थोडं मागे यायचं. हिस्टोग्राममध्येही लाल चॅनल उजव्या भिंतीला चिकटलेला दिसतो.

एक बारीक गोष्ट राहिली. स्पष्ट पट्ट्यात कॅमेऱ्याचा दाणा होता, धूसर भाग मात्र मेणासारखा गुळगुळीत. दोन्ही ब्लर लेयरवर किंचित `RGB Noise` टाकला, शंभर टक्के झूमवर जेमतेम दिसेल इतकाच. मग फोनसाठी फोटो 2000 पिक्सेलचा केला आणि शार्पनिंग लहान केल्यावर दिलं, तेही फक्त पट्ट्याला आणि टॉवरला.