आधी हात, मग पातेलं

"ताई, ठेचा केला की माझे हात रात्रभर भगभगतात. आणि उसळ शिजून तयार झाल्यावर तिखटजाळ निघाली तर काही करता येतं, की टाकूनच द्यायची?"

टाकू नका. पण आधी हातांचं बोलू, कारण हातांचं कोडं सुटलं की पातेल्याचं आपोआप सुटतं.

एका जानेवारीत शेतावर हुरड्याला पंचवीसेक माणसं येणार होती. ठेच्यासाठी किलोभर हिरव्या मिरच्या मी देठ खुडून, हातानंच मोडून परातीत टाकल्या. मोडताना काहीच झालं नाही, म्हणून मी निर्धास्त. तासाभरानं बोटांच्या पेरांवर चुणचुण सुरू झाली. रात्री कढत पाण्यानं भांडी घासायला घेतली आणि हात विस्तवावर धरल्यासारखे झाले. तोवर चार वेळा हात धुऊन झाले होते! खरी गंमत दुसऱ्या दिवशी सकाळी. आग पूर्ण शमलेली, म्हणून डोळ्यांत लेन्स घातली आणि ओरडलेच. बोटांना कळत नव्हतं, पण नखांत तिखट होतंच.

मिरचीत जळजळ करणारा पदार्थ असतो कॅप्सेसिन. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र छान विरघळतो. म्हणून नुसत्या पाण्यानं हात धुतले की तो निघत नाही, उलट हातभर पसरतो. शिवाय ऊन पाण्याचा चटका ज्या मज्जातंतूंना कळतो, त्यांनाच कॅप्सेसिन चेतवतं. एरवी साधारण ४३ अंशांना जागे होणारे हे तंतू मग कोमट पाण्यालाही 'भाजलं' म्हणून सांगू लागतात. माझी भांडी घासतानाची फजिती ती हीच.

आणखी एक. तिखट बियांत असतं असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. खरं तर ते असतं बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या शिरेत. बियांना ते नुसतं लागलेलं असतं. ही शीर देठाकडे जाड असते आणि शेंड्याकडे जवळपास संपते. अख्खी मिरची हाताळून म्हणूनच काही होत नाही. मोडली, चिरली की मामला सुरू.

त्यामुळे चार-पाच मिरच्या असतील तर मी देठ चिमटीत धरून कात्रीनं थेट भांड्यात तुकडे पाडते. हात लागतच नाही. शीर काढायची असेल तर मिरची उभी चिरून चहाच्या चमच्याच्या दांड्यानं खरवडायची, नखानं नाही. चिरण्याआधी हाताला थोडं गोडं तेल चोळलं तर तिखट त्या तेलात राहतं आणि नंतर साबणाबरोबर निघून जातं. पण ही युक्ती चार मिरच्यांपुरतीच. किलोभर असतील तर सरळ हातमोजे घाला, आणि ते काढताना बाहेरची बाजू बोटांना लागू देऊ नका.

काम झालं की कोरड्या हातावरच चमचाभर तेल घेऊन अर्धा मिनिट चोळायचं, नखांच्या कडांना जास्त. मग पाणी न लावता त्यावर भांडी घासायचा साबण चोळायचा, तेलाचा पांढरा फेस होऊ द्यायचा आणि गार पाण्यानं धुवायचं. हे सगळं दोनदा. विळी, पाट, सुरीची मूठ यांनाही हाच न्याय, नाहीतर संध्याकाळी काकडी चिरताना पुन्हा तेच.

आग आधीच पडली असेल तरी क्रम हाच. त्यानंतर हात गार दुधात किंवा दह्यात बुडवून ठेवले की बरं वाटतं. बाहेर काढल्यावर थोडी भगभग परत येते, घाबरू नका. बहुतेकदा दुसऱ्या दिवसापर्यंत उतरते. फोड आले तर डॉक्टरांकडे जा. डोळ्यात गेलं तर मात्र तेल नाही, दूध नाही, फक्त गार, स्वच्छ पाण्याची धार बराच वेळ. लेन्स असेल तर हात साबणानं धुऊन ती आधी काढा.

आता पातेलं. गेल्या महिन्यात आठ माणसांसाठी मटारची उसळ केली, हिरव्या वाटणाची. बाजारातली मिरची नवी होती, म्हणून शेंडा चावून पाहिला. अगदी मवाळ. नेहमीच्या सहाच्या जागी दहा टाकल्या. शेंड्यानं फसवलं ते असं! चव घ्यायची तर देठाजवळचा बारीक तुकडा घ्यावा, हे मला माहीत असून. उकळी आल्यावर चाखली आणि कानातून वाफा निघाल्या.

पहिलं काम मी केलं ते गॅस बंद करून दहा मिनिटं थांबण्याचं. कढत उसळ असते त्याहून तिखट लागते, आणि तिसऱ्यांदा चाखेपर्यंत आपली जीभही साक्षीला उपयोगाची राहत नाही. घरातल्या दुसऱ्याला चाखायला द्यावं. थांबल्यामुळे दुसरा फायदा म्हणजे तवंग वर आला. वाटण तेलात परतलेलं, म्हणजे तिखटाचा मोठा वाटा त्या हिरवट तेलात. पळी आडवी धरून चार-पाच चमचे तवंग वाटीत काढला. एवढ्यानंच फरक कळतो.

उरलेलं तिखट नाहीसं करायचा काही मंत्र नाही. उकळून ते जात नाही, ते जास्त पदार्थात विभागून टाकावं लागतं. दोन पळ्या रस्सा बाजूला काढला, दोन वाट्या नुसते उकडलेले मटार आणि दोन उकडलेले बटाटे कुस्करून घातले. अख्खा बटाटा तिखट शोषून घेतो म्हणतात, पण तो ओढतो रस्सा, निवडून फक्त तिखट नाही. कुस्करलेला मात्र पदार्थ वाढवतो, म्हणून कामाचा. नुसतं पाणी ओतलं असतं तर उसळ पांचट झाली असती आणि तिखट तेल वर तरंगतच राहिलं असतं. शेवटी मंद आचेवर वाटीभर घट्ट नारळाचं दूध घालून उकळी येण्याआधीच उतरवलं. मग मीठ पुन्हा पाहिलं आणि सुपारीएवढा गूळ टाकला. गुळानं तिखट कमी होत नाही, जिभेचं लक्ष वळतं. लिंबाचंही तसंच, फार भरवसा ठेवू नका.

नारळ चालत नसेल तिथे साईचं दही, पण ते आधी घुसळून, त्यात दोन चमचे कोमट रस्सा मिसळून, गॅस बंद केल्यावर घालायचं, नाहीतर फाटतं. दुधातल्या केसीन नावाच्या प्रथिनाला कॅप्सेसिन धरून ठेवता येतं, म्हणून जिभेवरची आग पाण्यापेक्षा ताकानं लवकर उतरते. दाण्याचं कूट भाजीत छान जमतं, मटारच्या उसळीत मला ते आवडत नाही.

आठ माणसांची उसळ अकरांची झाली हे खरं. शेजारी एक डबा गेला. काढलेला रस्सा आणि तो तवंग दुसऱ्या दिवशी थालिपीठाच्या पिठात भिजवले, आणि त्या पिठात मिरची वेगळी घालावी लागली नाही.